रिसेप्शनमधला ‘फोटोचं चित्र’ स्टॉल: रांग, परवानगीची पाटी आणि प्रिंट

प्रश्न: सांगलीत पुढच्या महिन्यात एका रिसेप्शनला फोटोवरून एआयने चित्र करून देणारा ‘फोटो काढा, चित्र घेऊन जा’ असा स्टॉल लावायचाय. साडेसातशे पाहुणे, वेळ साडेसात ते साडेदहा. लॅपटॉप आणि डीएनपीचा आरएक्स वन प्रिंटर आहे. मागच्या खेपेला रांग इतकी तुंबली की यजमान वैतागले. दुसरा लॅपटॉप घेऊ की दुसरा प्रिंटर? आणि परवानगीची पाटी लावा असं कुणीतरी सांगितलं, ती कशी लिहायची?

उत्तर:

दोन्ही घेऊ नका. आधी माणसं वाढवा आणि मोबाइलचं स्टॉपवॉच हातात धरा. पहिली दोन वर्षं मीही मशिनीलाच दोष देत होतो. एकदा मिरजेजवळच्या एका लॉनवर पुतण्याला बाजूला बसवून प्रत्येक कुटुंबाला कुठे किती वेळ लागतो ते लिहायला लावलं, तेव्हा डोळे उघडले. त्याच्या वहीतले आकडे साधारण असे होते: नमस्कार-चमत्कार आणि ‘कुठलं चित्र घेऊ गं?’ यात 40 सेकंद, उभं राहून फोटो निघेपर्यंत 30, लॅपटॉपवर चित्र तयार व्हायला 20, ‘आवडलं का’ विचारायला 10, तीन प्रती छापायला 36 आणि पाकिटात घालून हातात द्यायला 15. एकूण अडीच मिनिटं.

मी एकटा सगळं करत असल्यामुळे पहिलं कुटुंब पाकीट घेऊन निघेपर्यंत दुसरं नुसतं उभं. म्हणजे तासाला 24 कुटुंबं. ऐकायला बरं वाटतं, पण रिसेप्शनला पाहुणे तीन तासांत सारखे वाटून येत नाहीत. तुमच्या साडेसातशेतले निम्मे जरी स्टॉलवर आले आणि सरासरी तिघांचं टोळकं धरलं, तर सव्वाशे कुटुंबं होतात. त्यातली ऐंशी तरी सव्वाआठ ते साडेनऊ या सव्वा तासात, म्हणजे स्टेजवर भेटून जेवणाकडे वळताना येणार. त्या सव्वा तासात तुम्ही तीसच उरकणार. उरलेल्या पन्नास कुटुंबांची रांग जेवणाच्या दारापर्यंत गेली की यजमान वैतागणारच.

ऐंशी कुटुंबं 75 मिनिटांत हवी असतील तर एकामागे जेमतेम 56 सेकंद मिळतात. पण सगळं काम 56 सेकंदांत व्हायला हवं, असा याचा अर्थ नाही. कामाचे तुकडे करून ते वेगवेगळ्या हातांत दिले, की फक्त सगळ्यात रेंगाळणारा तुकडा 56च्या आत बसला तरी पुरतं. माझी मांडणी आता अशी असते. रांगेच्या तोंडाशी एक जण उभा राहतो, चित्रांचे नमुने दाखवतो आणि टोकन देतो. दुसरा फोटो काढतो. तिसरा लॅपटॉप आणि प्रिंटर सांभाळतो. पाकीट भरून नंबर पुकारायला एखादा कॉलेजचा पोरगा मिळाला तर उत्तम, नाहीतर ते काम रांगेवाल्याच्या गळ्यात. चित्र कुठलं हे रांगेतच ठरून येत असल्याने फोटोपाशी 40 सेकंदांच्या वर कुणी थांबत नाही. तेवढ्यात मागे आधीच्या कुटुंबाचं चित्र तयार होतं आणि त्याच्याही आधीच्यांच्या प्रती छापून होतात. तासाला नव्वद कुटुंबांपर्यंत हिशोब जातो. प्रत्यक्षात सत्तर-पंचाहत्तर होतात, कारण कुणाची तरी आत्या केस सारखे करतेच.

आता तुमच्या प्रश्नाकडे बघा. दुसरा लॅपटॉप घेऊन 20 सेकंदांचं काम 10वर आणलंत तरी फोटोचे 40 सेकंद तिथेच आहेत. रांग एका माणसानेही पुढे सरकणार नाही. प्रिंटरचं गणित मात्र प्रतींवर चालतं. आरएक्स वनचा एचएस असेल तर सहा बाय चारची एक प्रत साधारण साडेबारा सेकंदांत निघते. तीन प्रतींना 37 सेकंद, म्हणजे फोटोच्या वेळेत बसतं. पाच म्हटल्या की 62 सेकंद झाले आणि अडथळा फोटोवरून प्रिंटरवर सरकला. म्हणून यजमानांशी आधीच ठरवून घ्या: एका कुटुंबाला दोन प्रती, जास्तीच्या हव्या असतील तर टोकनच्या मागे आकडा लिहून द्यायचा, त्या साडेनऊनंतर छापून मिळतील. ‘नाही’ म्हटलेलं कुणाला आवडत नाही, ‘जेवून या, तयार ठेवतो’ म्हटलेलं सगळ्यांना चालतं. दुसरा प्रिंटर वेगासाठी नको, पण पहिला बिघडला तर हाताशी असावा म्हणून एखाद्या मित्राचा गाडीत असू द्या.

नमुने तीनच ठेवा. मी पूर्वी बारा ठेवायचो आणि निवडण्यातच दीड मिनिट जायचं. सध्या जलरंग, जुन्या दिनदर्शिकेसारखं तैलचित्र आणि पेन्सिल स्केच एवढंच असतं. तीन मोठ्या प्रिंट, त्यावर ठळक 1, 2, 3. वारलीची फार मागणी होते, पण मी देत नाही. वारलीत माणसाला चेहरा नसतो, म्हणून मग ‘यात मी कुठाय?’ हा प्रश्न येतो. आणि कॉम्प्युटरने त्या आकृत्यांना नाक-डोळे काढले तर ती वारलीच राहत नाही.

जागेचं थोडं. स्टेजवरून उतरून जेवणाकडे जाताना वाटेत लागेल अशी जागा मागा. स्टेजच्या चढत्या बाजूला उभे राहिलात तर आहेराची रांग आणि तुमची रांग एकमेकांत गुंततात. पाणीपुरीच्या काउंटरच्या शेजारी तर चुकूनही नको. का, ते प्रिंटच्या भागात येईल.

चित्र लॅपटॉपवरच तयार करा, इंटरनेटवर पाठवून नको. एकतर साडेसातशे मोबाइल एका लॉनवर जमले की नेट रांगतं. दुसरं कारण परवानगीचं, त्याकडे येतोच. आठ जीबीचं ग्राफिक्स कार्ड असलेल्या लॅपटॉपवर एक चित्र पंधरा-वीस सेकंदांत होतं. पाहुणे यायच्या आधी पाच-सहा फोटो काढून बघा, कारण पहिल्या चित्राला एआयचं मॉडेल लोड होताना फार वेळ जातो. आणि चित्राला लागणारा वेळ स्क्रीनवर दिसत राहील असं ठेवा. तो 18वरून हळूहळू 30-35वर गेला तर लॅपटॉप तापलाय. खाली स्टँड घाला, टेबलाच्या कापडाने हवेची भोकं झाकली नाहीत ना ते बघा, छोटा पंखा लावा. एकदम दुप्पट-तिप्पट झाला तर चार्जर निघालाय किंवा लाइट जाऊन जनरेटर चालू व्हायचाय. बॅटरीवर ग्राफिक्स कार्डचा जोर उतरतो. प्रिंटर मात्र छपाईच्या मध्ये बंद पडला तर तो कागद आणि रिबनचा तेवढा तुकडा वाया जातो, वर कागद अडकतो तो निराळाच. त्याला एक केव्हीएचा यूपीएस द्या, आणि लाइन साउंडवाल्याच्या बोर्डवरून घेऊ नका.

मॉडेल किती मोकळं सोडायचं हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण परवानगी आणि तो माझ्या मते एकाच धाग्याचे आहेत. एका रिसेप्शनला सत्तरीच्या एका आजींचं तैलचित्र केलं. साधी पांढरट साडी, कपाळ मोकळं. छापून आलं तेव्हा कपाळावर ठसठशीत कुंकू आणि गळ्यात मंगळसूत्र. मॉडेलने ‘साडीतली बाई’ एवढंच पाहिलं आणि बाकीचं स्वतःच्या मनाने भरलं. आजी काही बोलल्या नाहीत. प्रिंट उलटी करून टेबलावर ठेवली आणि निघून गेल्या. त्यांची सून परत येऊन जे बोलली ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. मॉडेलने मूळ फोटोपासून किती लांब जायचं ते ठरवणारी `denoising strength` 0.4च्या वर नेत नाही. त्याच्या पुढे गेलं की चित्र जास्त ‘चित्रासारखं’ दिसतं खरं, पण माणूस बदलत जातो: सावळा रंग उजळतो, चष्मा गायब होतो, नथ दुसऱ्या नाकपुडीत जाते, फेट्याचा स्कार्फ होतो. आणि छापण्याआधी लॅपटॉपवाल्याने मूळ फोटो आणि चित्र शेजारी ठेवून कपाळ, गळा, नाक, हात आणि वर्ण एवढं बघायचं. सराव झाला की पाच सेकंद लागतात. काही खटकलं तर पुन्हा बनवायच्या भानगडीत न पडता सरळ पेन्सिल स्केच छापायचं. ते साधं फिल्टर आहे, आहे त्याच्याच कडा काढतं, स्वतःचं काही घालत नाही आणि सेकंदात होतं. चारपेक्षा जास्त माणसं एका फोटोत असली तरी स्केचच. चेहरे लहान झाले की मॉडेल ते बिघडवतंच.

आता पाटी. कायद्याचं थोडक्यात: डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023चा, त्याचे नियम नोव्हेंबर 2025मध्ये आले, आणि नोटीस-संमतीची कलमं त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. तुमच्यासारख्या एका संध्याकाळच्या स्टॉलला त्यातलं काय आणि किती लागेल हे काम यजमानांसाठी करताय की स्वतः गिऱ्हाईक घेताय यावर ठरेल, ते एखाद्या वकिलाकडून बघून घ्या. मी कायद्यातल्या चार गोष्टी आत्तापासूनच पाळतो: आधी सांगायचं, कळेल अशा भाषेत सांगायचं, नको म्हणणं हो म्हणण्याइतकंच सोपं ठेवायचं आणि 18 वर्षांखालच्यांसाठी आई-वडिलांना विचारायचं.

पाटी कॅमेऱ्यापाशी लावली की कुणी वाचत नाही, तिथे लोक स्वतःच्या केसांकडे बघत असतात. ती रांगेच्या तोंडाशी, उभं राहून वाचता येईल अशा उंचीवर, नमुन्यांच्याच शेजारी हवी. रांगेत माणसाला दुसरं काही काम नसतं, वाचतो. माझ्या पाटीवर एवढाच मजकूर आहे:

> तुमच्या फोटोवरून इथल्या लॅपटॉपवर एआयने चित्र तयार होतं. फोटो इंटरनेटवर जात नाही.
> चित्राच्या दोन प्रती तुम्हाला मिळतील. चित्राच्या फाइलची एक कॉपी वधू-वरांच्या कुटुंबाला दिली जाईल. नको असेल तर टोकन घेताना सांगा.
> मूळ फोटो आणि चित्र आमच्याकडे 7 दिवस राहतात, मग पुसले जातात. आधी पुसून हवं असल्यास खालच्या नंबरवर टोकन क्रमांक पाठवा.
> 18 वर्षांखालच्या मुलांसोबत आई किंवा वडील हवेत.
> पांढरं टोकन: आमच्या जाहिरातीत वापरणार नाही. पिवळं टोकन: आमच्या जाहिरातीत वापरलं तरी चालेल.

खाली माझं नाव आणि नंबर. शेजारी इंग्रजीत हेच. सांगलीत असाल तर एक कन्नड प्रत जवळ असू द्या, सीमेपलीकडचे पाहुणे असतातच.

दोन रंगांच्या टोकनांची युक्ती अनुभवातून आली. आधी एकच ‘फोटो काढला म्हणजे संमती आहे’ अशी ओळ होती. एकदा एका मुलीचं चित्र फार सुंदर आलं, ते मी स्टॉलच्या टीव्हीवर फिरत ठेवलं आणि रात्री इन्स्टाग्रामवरही टाकलं. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन. मुलीसाठी स्थळं बघणं चालू होतं आणि कुणीतरी ते चित्र भलत्याच ग्रुपवर पाठवलं होतं. चूक पूर्ण माझी. प्रिंट हवी म्हणून माणूस समोर उभा राहतो, त्याचा अर्थ जगाला दाखवायला हो म्हणालाय असा होत नाही. म्हणून रांगेवाला आता विचारतो, ‘ताई, पांढरं की पिवळं?’ काही न बोलता हात पुढे आला तर पांढरंच द्यायचं. पिवळं दहात दोन-तीन जण घेतात आणि जाहिरातीला तेवढे भरपूर होतात. टीव्हीवर आता ओळखीच्यांचे आधीच केलेले नमुने फिरतात.

टोकनचा आकडा फोटोच्या फाइलच्या नावात जातो, `047-P.jpg` किंवा `047-Y.jpg` असा, पांढऱ्याचा P आणि पिवळ्याचा Y. त्यामुळे प्रिंट कुणाची, जाहिरातीला चालेल की नाही आणि कुणी पुसायला सांगितलं तर कुठली पुसायची, या तिन्ही गोष्टी एका नावात येतात. वेगळी वही लागत नाही. चेहरा बघून प्रिंट देऊ नका. चित्र आहे ते, आणि लग्नात दोन जावा एकाच रंगाच्या पैठणीत येतात.

एकटी येणारी मुलं हा वेगळाच प्रकार. आठ-दहा वर्षांची पोरं पाच-पाच वेळा रांगेत येतात. ‘बाबांना घेऊन ये, दोघांचं काढू’ म्हणावं. निम्मी परत येत नाहीत, उरलेल्यांचे बाबा खरंच येतात. जत्रेत किंवा प्रदर्शनात हे फार सांभाळावं लागतं, कारण तिथे कुणीच कुणाला ओळखत नाही. तिथे यजमान नसल्यामुळे पाटीवरची कुटुंबाला कॉपी देण्याची ओळ काढायची, फाइली त्याच रात्री पुसायच्या आणि पैसे टोकन देतानाच घ्यायचे. चित्र झाल्यावर यूपीआय अडकलं की मागची अख्खी रांग अडकते.

प्रिंटकडे वळू. आरएक्स वन डाय-सब्लिमेशनचा आहे: रिबनवरचा रंग उष्णतेने कागदात शिरतो, पिवळा, किरमिजी, निळा असे तीन हात बसतात आणि शेवटी वर पारदर्शक थर चढतो. म्हणून प्रिंट बाहेर येते ती कोरडीच, वाळायला ठेवावी लागत नाही. पण ती कोमट असते आणि जरा वाकलेली. लगेच पाकिटात कोंबली तर वाक तसाच बसतो. अर्धा मिनिट टेबलावर सपाट ठेवा, मग भरा. पाकीट कागदाचं घ्या. मऊ, चकचकीत पीव्हीसी कव्हर स्वस्त मिळतं, पण त्या प्लॅस्टिकमधली मऊपणा आणणारी द्रव्यं काही महिन्यांत प्रिंटमधला रंग ओढून घेतात आणि चित्र कव्हरला चिकटतं. लग्नानंतर सहा महिन्यांनी मला असा एक फोन आला होता.

पाणीपुरीचा मुद्दा आता. रिबन लोड करताना ती बोटाला चिकटली, तेलकट हात लागला किंवा धुळीचा कण बसला की रिबनच्या त्या भागावरून छापलेल्या प्रिंटवर ठिपका येतो. लांबीच्या दिशेने सरळ रेघ सगळ्या प्रतींवर येत असेल तर घाण प्रिंट हेडवर आहे. प्रिंटर बंद करून गार होऊ द्या आणि कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने पुसा. एखाददुसऱ्याच प्रतीवर ठिपका असेल तर कागदावर किंवा रिबनवर धूळ होती, विसरून जा. लग्नात अक्षता, झेंडूच्या पाकळ्या आणि वधू-वरांच्या एंट्रीचा चकचकीत कागदी पाऊस थेट टेबलावर येतो. त्या पाच मिनिटांत प्रिंटरवर कापड टाकून छपाई थांबवा. तसंही तेव्हा सगळे मोबाइल वर धरून उभे असतात, रांगेत कुणी नसतं.

एका रोलमध्ये या मापाच्या 700 प्रती निघतात. तुमच्या सव्वाशे कुटुंबांच्या दोन-दोन धरून अडीचशे, शिवाय जास्तीच्या. म्हणजे 400 उरलेला रोलही पुरेल. पण स्क्रीनवर 300च्या आत आकडा दिसत असेल तर सुरुवातीलाच नवा लावा. सव्वानऊला रोल बदलायची पाच मिनिटं म्हणजे पाच-सहा कुटुंबांची रांग. आणि प्रिंटर एसी गाडीतून थेट दमट लॉनवर आणलात तर आत बाष्प धरतं. निदान पाऊण तास आधी नेऊन, बंदच ठेवून बाहेरच्या हवेत रुळू द्या.

शेवटचं एक, जे मला दोन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. वापरलेली रिबन उजेडासमोर धरून बघा. छापलेला प्रत्येक चेहरा तिच्यावर उलट रंगांत जसाच्या तसा असतो, सातशेच्या सातशे. पाटीवर ‘सात दिवसांनी पुसतो’ लिहायचं आणि ती रिबन कार्यालयाच्या कचरापेटीत टाकायची, याला काही अर्थ नाही. फसलेल्या प्रतींचंही तेच. मी दोन्ही एका पिशवीत घालून घरी आणतो. प्रती फाडतो. रिबन जाळू नका, फार घाण धूर येतो. गुंडाळी आडवी धरून मोठ्या कात्रीने तीन-चार ठिकाणी कापा आणि तुकडे दोन वेगळ्या दिवसांच्या कचऱ्यात टाका. न नेलेल्या प्रिंट मात्र फाडू नका. ज्यांनी कुटुंबाला कॉपी द्यायला नको म्हटलं होतं त्यांच्या बाजूला काढून बाकीच्या टोकन नंबरासकट पाकिटात यजमानांकडे द्या. दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाला जमलेल्यांत निम्मे लोक त्या शोधत असतात.